पाच मिनिटांचा रंग, थोडी चांदी शिल्लक

पुरुषाच्या रंगवलेल्या केसांची चुगली बहुतेक वेळा कल्ले करतात. डोक्यावर एकसारखा काळा रंग असतो, आणि कानापुढे नुकतीच उगवलेली पांढरी खुंटं चमकत असतात. रंगवून आठवडा उलटतो न उलटतो तोच हे दिसायला लागतं. केस बारीक ठेवणाऱ्यांच्या बाबतीत तर फारच लवकर, कारण तिथे लपवायला लांबीच नसते. कपाळाच्या कडेला त्वचेवर उतरलेला डाग, उन्हात भांगाजवळ चमकणारी लालसर झाक आणि या सगळ्याखाली वयाला शोभेल असा चेहरा. रंग महागडा असो वा स्वस्त, या तीन गोष्टी जमल्या की समोरच्याला कळायचं ते कळतंच.

या सगळ्यावर एक वेगळी वाट आहे, आणि आपल्याकडे ती अजून पुरेशी माहीत नाही. पांढरे केस झाकायचे नाहीत, फक्त त्यांची धार कमी करायची. डोक्यावर साठ पांढरे दिसत असतील तर तीस दिसावेत, तेही झगझगीत पांढरे नाहीत तर राखाडी-चंदेरी. त्यासाठी पुरुषांच्या बारीक केसांसाठीच बनवलेले झटपट जेल मिळतात, आणि ते लावून ठेवायची वेळ साधारण पाच मिनिटं असते. सलूनमधल्या व्यावसायिक मालात लॉरियल प्रोफेशनेलचा ‘ओम कव्हर ५’, रेडकेनचा ‘कलर कॅमो’, गोल्डवेलचा फेसासारखा ‘री-शेड’ ही या प्रकारातली नावं. घरी लावायच्या रंगांमध्ये अमेरिकेतल्या कॉम्ब कंपनीने १९८७ साली ‘जस्ट फॉर मेन’ आणला, आणि पुढे त्याच घराण्यातून थोडे पांढरे मुद्दाम शिल्लक ठेवणारा ‘टच ऑफ ग्रे’ निघाला. नावं वेगळी, घडण थोडी वेगळी, पण हेतू एकच.

हे जेल नेमकं काय करतं, ते आधी समजून घ्यायला हवं. नाहीतर लोक याच जेलने तोच जुना काळा टोप तयार करतात आणि मग जेलला नावं ठेवतात.

करडा केस असा जवळपास नसतोच. आपल्याला डोकं करडं दिसतं ते काळे आणि पूर्ण पांढरे केस तिळातांदळासारखे एकमेकांत मिसळलेले असतात म्हणून. केसाच्या मुळाशी रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी थकल्या की त्या मुळातून येणारा पुढचा केस रंगाविना येतो. शेजारचं मूळ मात्र काळाच केस देत राहतं. पुरुषांमध्ये याची सुरुवात बहुधा कानशिलांपासून होते, मग पुढचा भाग, मग टाळू. मानेवरचे केस सर्वांत शेवटी पिकतात. हा नकाशा लक्षात ठेवायला हवा, कारण आपली नजर त्याला सरावलेली असते. कानशिलं पांढरी आणि मान काळी हे तिला स्वाभाविक वाटतं, पण कानशिलं आणि मान सारखीच काळीभोर दिसली की खटकतं. मिश्रणाचा रंग लावायचा तो हा नकाशा पुसण्यासाठी नाही, फिकट करण्यासाठी.

आता रसायनाकडे येऊ. नेहमीच्या कायमस्वरूपी रंगात दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. अमोनियामुळे केसाचं खवल्यांचं आवरण फुगून सैल होतं, आणि हायड्रोजन पेरॉक्साइड आत शिरून केसातला नैसर्गिक रंग थोडा उडवतं. त्याच वेळी रंगाचे लहान, रंगहीन रेणू आत जातात, पेरॉक्साइडच्या संपर्काने एकमेकांना जुळून मोठे होतात आणि मोठे झाल्यामुळे तिथेच अडकून बसतात. अर्ध्या तासात केस आतपर्यंत भरतो. तुमचा मूळचा काळा केसही या प्रक्रियेत किंचित उघडा पडतो, म्हणूनच महिन्याभराने सगळ्या डोक्यावर ती तांबूस झाक येते.

झटपट जेलमध्ये रेणू त्याच जातीचे असतात, पण प्रक्रिया आखडती असते. अमोनियाऐवजी सौम्य अल्कली, पेरॉक्साइड कमी ताकदीचं आणि वेळ पाच मिनिटं. त्यामुळे काळ्या केसाच्या मूळ रंगाला फारसा धक्का लागत नाही. पांढऱ्या केसात काही रेणू शिरतात, पण तो काठोकाठ भरायला वेळच मिळत नाही. परिणामी पांढरा केस पारदर्शक तपकिरी-राखाडी होतो, आणि कानशिलावरचे जाड, राठ पांढरे केस तर जेमतेम रंग धरतात. रंगवणाऱ्यांच्या लेखी एरवी हा दोष असतो. इथे तोच उपयोगी पडतो, कारण शिल्लक राहणारी चांदी याच हट्टी केसांची असते.

म्हणूनच या पद्धतीत वेळेइतकं महत्त्व दुसऱ्या कशालाच नाही. हेच जेल पंधरा मिनिटं ठेवलं तर ते मिश्रण उरत नाही, झाकण होतं. बाजारात पाच-दहा मिनिटांत काम करणारी शॅम्पूची काळी पाकिटंही मिळतात, आणि बरेच लोक त्यांनाच झटपट जेल समजतात. ती पांढरा केस पूर्ण काळा करण्यासाठीच बनवलेली असतात आणि ते काम ती चोख करतात. रंग लवकर चढतो म्हणून तो मिसळणारा आहे असं होत नाही. पाकिटावर ‘नॅचरल ब्लॅक’ लिहिलेलं असेल तर त्यातून चांदी शिल्लक राहण्याची आशा सोडावी.

दुसरी निवड छटेची. सलूनमध्ये छटांना आकडे असतात: १ म्हणजे काळा, ३ गडद तपकिरी, ४ मध्यम तपकिरी, ५ फिकट तपकिरी. आपल्याकडच्या बहुतेक पुरुषांचे मूळचे केस १ ते ३ मध्ये बसतात, म्हणून हात सहजच काळ्या किंवा ३ नंबरच्या नळीकडे जातो. मिश्रणासाठी मात्र आपल्या मूळ रंगापेक्षा एक ते दोन पायऱ्या फिकट छटा घ्यायची. काळ्या केसावर फिकट छटा दिसतच नाही, कारण जेल काळ्याचा रंग उडवत नाही. ती दिसते फक्त पांढऱ्या केसावर, आणि तिथे ती काळा व पांढरा यांच्यामधली पायरी बनते. काळा, मध्यम तपकिरी, चंदेरी असे तीन थर डोक्यावर एकत्र आले की नजर एकाही केसावर थांबत नाही. याउलट ४७ वर्षांच्या माणसाच्या पांढऱ्या केसावर १ नंबरचा काळा चढवला की तो शेजारच्या खऱ्या काळ्या केसापेक्षाही काळा दिसतो. खऱ्या केसात उन्हाने, वयाने थोडी तफावत आलेली असते, रंगात ती नसते.

थंड छटेची म्हणजे राखी झाक असलेली नळी घ्यावी की साधी, असा प्रश्न नेहमी येतो. माझं मत साधीकडे झुकतं. जेल उतरू लागतं तेव्हा ते उबदार होत जातं, म्हणून थंड छटा चांगली, असं सांगितलं जातं आणि त्यात तथ्य आहे. पण पांढऱ्याचं प्रमाण जास्त असलेल्या कानशिलांवर निव्वळ राखी छटा पहिल्या आठवड्यात मळकट, कधी हिरवट दिसते. दोन्ही समसमान मिसळून घेणं हा सलूनवाल्यांचा जुना तोडगा आहे आणि तो बहुतेकांना चालतो.

एक उदाहरण सविस्तर पाहू. पुण्यात बँकेत काम करणारे ४७ वर्षांचे एक गृहस्थ. मूळ केस जवळपास काळे, उन्हात गडद तपकिरी. वर साधारण पाच सेंटिमीटर लांबी, बाजूला आणि मागे दोन नंबरची मशीन, म्हणजे सहा मिलिमीटर. कानशिलांवर निम्म्याहून जास्त केस पांढरे, पुढच्या झुलुपात साधारण चाळीस टक्के, टाळूवर तुरळक, मानेवर नाममात्र. खुर्चीत बसताना त्यांनी एवढंच सांगितलं, “पूर्ण काळे नकोत. ऑफिसात कुणी ‘रंगवले का?’ असं विचारायला नको.”

“मग कानाजवळचे शेवटी घेऊ, साहेब,” कारागीर म्हणाला. काम येणाऱ्या माणसाची खूण मला या एका वाक्यात दिसली. नवशिका जिथे जास्त पांढरं दिसतं तिथूनच सुरुवात करतो.

दोन दिवस आधी त्यांच्या कोपराच्या आतल्या बाजूला मिश्रणाचा ठिपका लावून चाचणी झाली होती. तिच्याबद्दल पुढे सांगतो. त्या दिवशी आधी केस कापले, मग रंग. हा क्रम उलटा केला तर जो भाग कचऱ्यात जाणार तोच आपण रंगवत बसतो, आणि कापल्यावर आतले न रंगलेले पांढरे ठिपक्यांसारखे वर येतात. केस कोरडे होते. गृहस्थांना रोज खोबरेल तेल लावायची सवय, म्हणून आदल्या दिवशी शॅम्पू करून यायला सांगितलं होतं. तेलाचा जाड थर असेल तर रंग जागोजागी अडतो. कपाळाची कड, कानाच्या पाळ्या आणि मानेची रेघ यांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवला. तो केसांवर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर कडेचे केस रंगतच नाहीत.

छटा ४ नंबरची, साधी. वाटीत वीस ग्रॅम जेल आणि तेवढंच डेव्हलपर. बऱ्याच जेलमध्ये हे प्रमाण निम्मेनिम्म असतं, पण खोक्यावर जे छापलेलं असेल तेच धरायचं. इतक्या बारीक केसांना एवढं पुरतं, थोडं उरतंही. मिसळल्यावर काही मिनिटांत मिश्रण वाटीत गडद होत जातं. ते पाहून घाबरू नये, तो केसावर येणारा रंग नव्हे. उरलेलं मात्र झाकणबंद बाटलीत ठेवू नये. आत वायू तयार होत राहतो आणि बाटली फुटू शकते.

पहिला हात केसाला लागला तिथून घड्याळ सुरू. हातमोजे घातलेल्या बोटांनी पुढचं झुलूप आणि टाळू आधी, मुळापासून, विरळ दातांच्या फणीने विंचरत. यात साधारण दीड मिनिट गेलं. मग मागची बाजू फक्त वरवर. दोन्ही बाजूंना तिसरं मिनिट संपल्यावर हात लागला आणि कल्ल्यांना तर नवं जेल घेतलंच नाही, फणीला लागलेलं होतं तेवढंच फिरवलं. चौथ्या मिनिटाला पुढच्या एका बटेवरचं जेल ओल्या कापसाने पुसून पाहिलं. ही चाचणी कधी चुकवू नये. ओला केस कोरड्यापेक्षा गडद दिसतो, म्हणून पुसल्यावर “अजून थोडा हवा” असं वाटत असतानाच थांबायचं. “झालं बरोबर” असं वाटलं तर समजा उशीर झालाच. पाच मिनिटांनी कोमट पाण्याने पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं, मग सौम्य शॅम्पू.

कोरडं झाल्यावर पुढच्या झुलुपातले पांढरे तपकिरी-राखाडी झाले होते, त्यातले काही अजून चमकत होते. कानशिलं उजळ होती, पण आता त्यांची झळाळी डोळ्यांत घुसत नव्हती. मागे कशाला हात लावल्याचं कळतही नव्हतं.

खरी गंमत पुढच्या वेळी कळते, आणि ती बारीक केसांच्या गणितात आहे. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे दिवसाला ०.४ मिलिमीटर. या गृहस्थांच्या बाजूंचे केस सहा मिलिमीटर. तीन आठवड्यांत ते आठ-नऊ मिलिमीटर वाढतात, आणि वाढ मुळाकडून होते, म्हणून रंगवलेले सहा मिलिमीटर टोकाकडे सरकतात. मशीन पुन्हा सहा मिलिमीटरवर फिरली की रंगलेला सगळा भाग खाली पडतो. बाजूंना रंग धुऊन जाण्याची वाट पाहावी लागतच नाही, कात्रीच तो नेते. म्हणूनच अगदी बारीक फेड ठेवणाऱ्यांनी बाजूंना जेल लावण्यात फारसा अर्थ नाही. दहा-बारा दिवसांत तिथे निम्म्याहून जास्त लांबी नव्याने उगवलेली, न रंगलेली असते. तिथली चांदी तशीच राहू द्यावी आणि फक्त वरचं झुलूप मवाळ करावं. हे चांगलं दिसतं आणि पैसेही वाचतात.

वरचा भाग वेगळा वागतो. पाच सेंटिमीटरमधून तीन आठवड्यांनी नऊ-एक मिलिमीटर कापले जातात, म्हणजे पहिल्या वेळचा रंग घेतलेले चार सेंटिमीटर शिल्लक असतात. त्यांच्यावर पुन्हा जेल फासलं की दुसरा थर बसतो. तिसऱ्या खेपेला तीन सेंटिमीटरहून जास्त भागावर तीन थर. पहिल्या वेळी अर्धवट भरलेला पांढरा केस हळूहळू पुरता भरत जातो. या गृहस्थांचं नेमकं तेच झालं. पहिली दोन वेळ सुरेख, तिसऱ्या वेळी सलूनला जायला सवड नव्हती म्हणून त्यांनी तीच छटा आणून घरी लावली, सगळ्या डोक्याला, आणि दाढी होईपर्यंत राहू दिली. कल्ले उजळ आणि वरचं झुलूप सपाट गडद, असं डोकं घेऊन ते परत आले.

या चुकीवर उतारा आहे, पण घाई नाही. रंग लावून एक-दोन दिवसच झाले असतील तर खोल स्वच्छ करणाऱ्या शॅम्पूने दोन-तीन दिवस सलग धुतल्यावर बराच उतरतो. त्यानंतर वरचे केस नेहमीपेक्षा थोडे जास्त कापायचे आणि पुढचे सहा आठवडे काहीच लावायचं नाही. ब्लीचने रंग काढायला जाऊ नये; आपल्या काळ्या केसांवर त्याचा नारिंगी होतो आणि मग तो नारिंगी झाकायला काळा लावावा लागतो. कारागिराने त्यांना पुढच्या खेपेपासून दोन बदल सांगितले. जेल दर कापणीला नाही, एकाआड एक कापणीला. आणि वर लावताना पहिली चार मिनिटं फक्त मुळाजवळच्या एक-दीड सेंटिमीटरला, जिथे नवा पांढरा वाढलेला असतो. टोकांपर्यंत फणी फिरवायची ती शेवटच्या मिनिटात, तीही एकदाच. मला विचाराल तर घरी करणाऱ्या प्रत्येकाने हा दुसरा बदल पहिल्या दिवसापासूनच पाळावा.

रंग किती टिकतो, याचं खोक्यावरचं उत्तर बहुधा चार ते सहा आठवडे असं असतं. रोज डोक्यावरून अंघोळ आणि शॅम्पू करणाऱ्याला ते तीन ते चार आठवडे धरायला हवं. पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन, घाम आणि कडक ऊन रंग लवकर उतरवतात. पण इथे उतरण्याची भीती नसते. पांढऱ्या केसातला रंग हळूहळू पातळ होतो, काळा केस मूळचाच असतो, त्यामुळे ठळक रेघ उमटत नाही. माणूस महिन्याभरात पुन्हा होता तिथे येतो, आणि मधल्या कुठल्याही दिवशी चमत्कारिक दिसत नाही. मला या पद्धतीत सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे.

आता त्या चाचणीबद्दल. ‘अमोनिया नाही’ हे शब्द वाचून लोक निर्धास्त होतात, आणि तिथेच धोका आहे. अमोनियाचा त्रास म्हणजे उग्र वास आणि चुरचुर. अ‍ॅलर्जी होते ती बहुधा रंगाच्या रेणूंची, म्हणजे पीपीडी किंवा त्याची भावंडं, आणि ती अमोनियाविना जेलमध्येही असतात. आज सोसलं म्हणून उद्या सोसेलच असं नाही. शरीर एखाद्या संपर्कानंतर या रेणूंना शत्रू म्हणून ओळखायला लागतं, आणि पुढच्या प्रत्येक वेळी प्रतिक्रिया वाढत जाते. ती लगेचही येत नाही. रंग धुऊन घरी गेल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टाळू आणि कानामागे खाज, मग पुरळ, पाणी सुटणं, पापण्या सुजणं. पर्यटनाच्या ठिकाणी हातावर झटपट उमटणाऱ्या काळ्या मेंदीचे टॅटू काढतात, त्यातही अनेकदा पीपीडी असतं. अशा टॅटूने ज्याला कधी फोड आले असतील, त्याने या जेलच्या वाटेला जाऊ नये. साध्या केसांच्या रंगाने आधी खाज आली असेल तरीही.

आपल्याकडच्या नियमांनुसार अशा रंगांच्या खोक्यावर आधी चाचणी करण्याची आणि भुवया-पापण्यांना न लावण्याची सूचना छापावी लागते. भुवयांना लावल्यास अंधत्व येऊ शकतं हेही तिथे लिहिलेलं असतं. चाचणी साधी आहे. कानामागे किंवा कोपराच्या आत त्वचा धुऊन कोरडी करायची, मिश्रणाचा लहान ठिपका लावून वाळू द्यायचा, चोवीस तासांनी धुवायचा. प्रतिक्रिया उशिरा येते म्हणून आणखी एक दिवस वाट पाहायची. लाली, खाज, सूज यांपैकी काहीही दिसलं तर विषय संपला. सौम्य जेल शोधत बसायचं नाही, त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचं. रंग लावल्यावर चेहरा सुजला किंवा श्वासाला त्रास झाला तर थेट रुग्णालय.

मेंदी लावणाऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगावं लागेल, कारण आपल्याकडे पन्नाशीतले कितीतरी पुरुष मेंदीवरच आहेत. शुद्ध मेंदीचा रंग पांढऱ्या केसावर नारिंगी बसतो आणि तो लवकर निघत नाही. त्याच्यावर जेल लावलं तर नारिंगीचा तांबूस-तपकिरी होईल, पण चांदी येणार नाही, कारण पांढरा केस तिथे उरलेलाच नसतो. मेंदीचा भाग कापला जाईपर्यंत थांबावं. बाजूंचे केस महिन्याभरात मोकळे होतात, वरच्यांना तीन-चार महिने लागतात. बाजारातल्या काही ‘काळ्या मेंदी’च्या पुड्यांत आणि रोज थोडे थोडे काळे करणाऱ्या लोशनमध्ये धातूंचे क्षार असतात. अमेरिकेत अशा लोशनमध्ये दीर्घकाळ लेड अ‍ॅसिटेट, म्हणजे शिशाचा क्षार वापरला जात असे. त्याची परवानगी मागे घेण्याचा निर्णय तिथल्या एफडीएने २०१८ साली घेतला. धातू बसलेल्या केसावर पेरॉक्साइड गेलं की केस तापतो आणि तुटतो. शंका असेल तर कापलेली छोटी बट तयार मिश्रणात अर्धा तास बुडवून ठेवावी. ती कोमट लागली, बुडबुडे आले किंवा चमत्कारिक वास सुटला तर जेल डोक्याला लावायचं नाही.

मिशीचा प्रश्नही आपल्याकडे टाळता येत नाही. डोकं चंदेरी-तपकिरी आणि मिशी कुळकुळीत काळी, ही जोडी फार पाहायला मिळते. मिशीचे आणि दाढीचे केस डोक्यापेक्षा जाड असतात, खालची त्वचा नाजूक असते, म्हणून त्यांच्यासाठी वेगळं जेल आणि छोटा ब्रश येतो. नुकत्याच केलेल्या दाढीवर ते लावू नये. छटा डोक्याएवढीच किंवा तिच्याहून फिकट ठेवावी आणि हनुवटीवरचा पांढरा पट्टा तसाच सोडावा. आधी फक्त डोक्याचं करून आठवडाभर पाहिलं तर अनेकांना मिशीला हात लावायची गरजच वाटत नाही.

सगळ्यांसाठी ही पद्धत नाही, हेही सांगायला हवं. साधारण निम्म्यापर्यंत केस पांढरे असताना ती सर्वांत छान बसते, कारण मधले काळे केस तिला आधार देतात. पांढरे तीन चतुर्थांशांच्या वर गेले की आधाराला काही उरत नाही. सगळं डोकं एकाच पातळ तपकिरी रंगाचं दिसायला लागतं आणि जेल धुतलेल्या शर्टासारखं फिकट भासतं. त्या टप्प्यावर वेळ वाढवून किंवा छटा गडद करून उपयोग नसतो, तिथून पुन्हा काळ्या टोपाचा रस्ता सुरू होतो. तेव्हा जेल सोडायचं. सोडणंही सोपं आहे. दोन खेपांमधलं अंतर आधी दोन महिने, मग तीन करायचं, छटा एक पायरी फिकट घ्यायची, कानशिलांना जेल लावणं सर्वांत आधी थांबवायचं आणि वरची लांबी तीन सेंटिमीटरपर्यंत खाली आणायची. त्या लांबीवर शेवटचा रंग घेतलेला केस अडीच-तीन महिन्यांत कात्रीखाली जातो.